इंटर्नला हिस्ट्री घेताना पाहिल्यावर मूल्यमापनाचा फॉर्म कसा भरावा

वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाच्या किंवा वरिष्ठ निवासी डॉक्टरच्या हाती पहिल्या काही आठवड्यांतच इंटर्नच्या मूल्यमापनाचे फॉर्म येतात. ते कसे भरायचे हे कोणी बसवून शिकवत नाही. त्यामुळे जुनी फाइल उघडून आधीच्यांनी काय लिहिले आहे ते पाहिले जाते, आणि तिथे बहुतेक पानांवर ‘हिस्ट्री समाधानकारक’, ‘संवादकौशल्य सुधारावे’, ‘वाचन वाढवावे’ अशाच ओळी आढळतात. यांपैकी कोणतीही ओळ कोणत्याही इंटर्नच्या फॉर्मवर चिकटवता येईल, आणि ती वाचून दुसऱ्या दिवशी ओपीडीत नेमके काय वेगळे करायचे हे त्या मुलाला किंवा मुलीला कळणार नाही. मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत भरलेल्या एका फॉर्मचा आधार घेऊन हे काम कसे करता येते, ते पुढे मांडले आहे. रुग्णाची आणि इंटर्नची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अनेक ठिकाणी वापरला जाणारा फॉर्म हा मिनी-सीईएक्स या पद्धतीचा असतो. अमेरिकेत जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ती मांडली. प्रशिक्षणार्थी डॉक्टर खऱ्या रुग्णाशी खरे काम करत असताना वरिष्ठाने पंधरा-वीस मिनिटे प्रत्यक्ष पाहायचे आणि लगेच पाच-दहा मिनिटे बोलायचे, एवढाच तिचा गाभा आहे. हिस्ट्री, शारीरिक तपासणी, रुग्णाशी वागणूक, निदानाचा विचार, समुपदेशन, कामाची आखणी आणि एकूण कामगिरी असे रकाने असतात. गुण १ ते ९ असतात. त्यांत १ ते ३ म्हणजे असमाधानकारक, ४ ते ६ समाधानकारक आणि ७ ते ९ उत्कृष्ट. समाधानकारक गटातला ४ हा अगदी काठावरचा गुण समजला जातो. फॉर्मच्या तळाशी ‘काय चांगले केले’ आणि ‘काय सुधारावे’ अशा दोन मोकळ्या जागा असतात. माझ्या मते फॉर्मची सगळी किंमत त्या दोन जागांत आहे, आणि नेमक्या त्याच जागा घाईत भरल्या जातात.

बसण्याआधी

इंटर्नला आदल्या दिवशी सांगून ठेवावे की उद्या एका नव्या रुग्णाची हिस्ट्री पाहणार आहे आणि फक्त हिस्ट्रीच पाहणार आहे. सर्व रकाने एकाच भेटीत भरण्याचा मोह टाळावा. जे पाहिले नाही त्यासमोर ‘पाहिले नाही’ असे लिहावे, कारण न पाहिलेल्या तपासणीला दिलेला ५ हा गुण पुढे वाचणाऱ्याची दिशाभूल करतो. हा फॉर्म शिकण्यासाठी आहे की इंटर्नशिप पूर्ण केल्याच्या नोंदीत मोजला जाणार आहे, तेही आधीच स्पष्ट करावे. ते सांगितले नाही तर इंटर्न तुम्हाला दाखवण्यासाठी हिस्ट्री घेतो आणि रुग्ण बाजूला राहतो.

रुग्णाची परवानगी मराठीत, सरळ शब्दांत घ्यावी: “या डॉक्टर तुमच्याशी बोलतील, मी बाजूला बसून ऐकेन, चालेल ना?” यानंतर खुर्चीचा प्रश्न येतो, आणि तो दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे ओपीडीत वयाने मोठा डॉक्टर समोर दिसला की रुग्ण त्याच्याकडेच वळून बोलू लागतो आणि इंटर्न नुसता लिहिणारा होतो. म्हणून निरीक्षकाने रुग्णाच्या नजरेच्या रेषेत बसू नये. रुग्णाच्या खांद्याच्या थोडे मागे, पण दोघांचे चेहरे दिसतील अशा कोनात खुर्ची घ्यावी. रुग्ण तरीही वळलाच तर मान खाली घालून लिहीत राहावे. दोन-तीन वेळा असे झाले की तो पुन्हा इंटर्नकडे पाहू लागतो.

पाहताना काय लिहायचे

फॉर्म या वेळी बाजूला ठेवावा. एक कोरा कागद घ्यावा, डाव्या बाजूला वेळ आणि उजव्या बाजूला ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी लिहावीत. ‘रुग्णाला बोलू दिले नाही’ हा आपला निष्कर्ष झाला. ‘चौदाव्या सेकंदाला प्रश्न विचारला, तेव्हा रुग्ण “रानात” एवढेच म्हणाला होता’ हे पाहिलेले आहे. निष्कर्षावर इंटर्न वाद घालू शकतो, पाहिलेल्यावर सहसा घालत नाही. त्या सकाळच्या माझ्या कागदावरचा भाग असा होता. रुग्ण ५४ वर्षांचे शेतकरी होते, मुलगा सोबत होता.

०:०० — इंटर्न: “बसा मामा. काय त्रास होतो?”
०:०५ — रुग्ण: “महिना झालं मॅडम, छातीत जळजळ करायलंय. रानात…”
०:१४ — इंटर्न: “जेवल्यावर होतं का? आंबट ढेकर येतात?” रुग्ण: “येतात कधी कधी.”
१:४० — मुलगा: “तिखट लई खातात हे.” इंटर्न: “दादा, मामांनाच सांगू द्या.” खुर्ची रुग्णाकडे वळवली.
३:०५ — इंटर्न: “छातीत दुखत नाही ना?” रुग्ण: “दुखत नाही.”
४:३० — इंटर्न: “काही व्यसन?” रुग्ण: “नाही, माळकरी हाव.” (खिशात चुन्याची डबी.)
५:२० — इंटर्न: “गोळ्या चालू आहेत का काही?” रुग्ण: “नाहीत.”
८:५० — इंटर्न माझ्याकडे वळून: “मॅडम, ॲसिडिटी वाटते. पॅन्टोप्राझोल लिहू का?”

नऊ मिनिटांत प्रश्न भरपूर विचारले गेले, केस पेपरवर दहा-बारा ओळी झाल्या आणि वरवर पाहता हिस्ट्री पूर्ण होती. निरीक्षकाने केवळ केस पेपर वाचला असता तर ती समाधानकारकच ठरली असती. लिहिलेली हिस्ट्री तपासणे आणि घेतली जात असताना ती पाहणे यांत फरक आहे तो इथे.

मध्ये कधी पडायचे

पाहणाऱ्याने गप्प बसायचे असते, पण रुग्णाच्या जिवापेक्षा फॉर्म मोठा नाही. रुग्णाला त्या क्षणी छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, दम लागून वाक्य पूर्ण होत नसेल, तर निरीक्षण तिथेच थांबवून रुग्ण हाती घ्यावा आणि फॉर्म रद्द करावा. हे गृहस्थ शांत बसून बोलत होते, म्हणून मी इंटर्नला शेवटपर्यंत जाऊ दिले. मात्र तिचे निदान ऐकल्यावर रुग्णाला तसेच जाऊ देणे शक्य नव्हते. मी फक्त त्यांचा अर्धवट राहिलेला शब्द उचलला: “मामा, रानात काय होतं म्हणत होता?”

“रानात पाटी उचलून चढाला लागलं की छातीत आवळल्यावानी व्हतं. बांधावर बसलं की पाच मिनिटांत उतरतं.” दुसरा प्रश्न गोळ्यांचा होता: “आधी कधी कसल्या गोळ्या होत्या का?” “बीपीच्या होत्या. दिवाळीपासून बंद केल्या, बरं वाटायलं म्हणून.”

श्रमाने येणारे, विश्रांतीने काही मिनिटांत जाणारे आणि महिन्याभरातच सुरू झालेले छातीतले आवळणे हे उलट सिद्ध होईपर्यंत हृदयाचे मानायचे असते, आणि नव्याने सुरू झालेले असल्याने ते दुसऱ्या दिवसावर ढकलायचे नसते. ईसीजी लगेच काढला. त्यात त्या वेळी ठळक बदल नव्हता, पण विश्रांतीत काढलेला साधा ईसीजी असा त्रास नाकारत नाही, म्हणून त्यांना पुढील तपासण्यांसाठी त्याच दिवशी दाखल केले. हे सगळे झाल्यावरच इंटर्नला बाजूच्या खोलीत बोलावले. रुग्णाची सोय आधी आणि अभिप्राय नंतर हा क्रम चुकवू नये. आणि अभिप्राय रुग्णासमोर किंवा नर्सिंग स्टाफसमोर कधीही देऊ नये.

बोलणे आधी, लिहिणे नंतर

पहिला प्रश्न इंटर्नला विचारावा: “तुला स्वतःला काय नीट झालं असं वाटतं आणि काय राहून गेलं?” हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. जे तिला स्वतःला दिसले आहे ते आपण पुन्हा शिकवण्यात पाच मिनिटे घालवू नयेत, यासाठी तो आहे. या मुलीने लगेच सांगितले, “मॅडम, गोळ्यांचं मी आत्ताचं विचारलं, आधीचं विचारलंच नाही.” म्हणजे तो मुद्दा तिचा झाला, आणि फॉर्मवर तो तिच्याच शब्दांत गेला.

जे तिला दिसले नव्हते ते दाखवण्यासाठी मी कागद तिच्यापुढे सरकवला आणि ०:१४ वर बोट ठेवले. ती म्हणाली, “पण मॅडम, बाहेर साठ पेशंट थांबलेले असतात. सगळ्यांना बोलू दिलं तर दुपार होईल.” ही तक्रार खोटी नाही आणि ती उडवून लावू नये. मात्र तिचे उत्तर त्याच कागदावर होते. त्यांचे वाक्य पूर्ण व्हायला फार तर अर्धा मिनिट लागले असते, आणि ते वाचवून तिने पुढची साडेआठ मिनिटे ढेकर, तिखट आणि जेवणाच्या वेळा यांत घालवली होती. बेकमन आणि फ्रँकेल यांच्या १९८४ च्या एका अमेरिकन अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाचे पहिले निवेदन सरासरी १८ सेकंदांत तोडल्याचे दिसले होते. तिला ते सांगितले तेव्हा तिचा चेहरा जरा सैल झाला. खोड तिच्या एकटीची नाही, एवढे तरी कळले.

दुसरा मुद्दा ३:०५ चा. “दुखत नाही ना?” या प्रश्नात ‘नाही’ हे उत्तर आधीच भरलेले असते. त्यातही आवळणे, दडपण, गुदमरणे, भरून येणे यांना आपला रुग्ण ‘दुखणे’ म्हणतच नाही, त्यामुळे त्यांनी दिलेले उत्तर खरे होते आणि केस पेपरवरची ‘छातीत वेदना नाही’ ही नोंद तरीही चुकीची होती. व्यसनाचेही तसेच झाले. माळकरी माणसाला व्यसन म्हणजे दारू वाटते. तंबाखू-चुना हा त्याच्या लेखी चहासारखा असतो. अशा वेळी वस्तूचे नाव घेऊन विचारावे लागते: तंबाखू, गुटखा, विडी, सिगारेट, आणि बायकांना मिसरी. शस्त्रक्रियेबाबतही हाच घोटाळा होतो. “ऑपरेशन झालंय का?” असे विचारले की अनेक बायका कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनबद्दल विचारले असे समजून उत्तर देतात, आणि गर्भाशय काढलेले असले तरी ते पुढे येत नाही. म्हणून, विशेषतः ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची हिस्ट्री घेताना, “पिशवी काढली का?” असे थेट विचारावे. हे शेवटचे त्या दिवशीच्या रुग्णाशी संबंधित नव्हते, म्हणून ते बोलले तरी फॉर्मवर लिहिले नाही.

सुधारणेचा मुद्दा कसा लिहायचा

आता फॉर्म उघडावा. सुधारणेचे मुद्दे दोन, फार तर तीन. सात मुद्दे लिहिले की इंटर्न सगळे वाचतो आणि एकही करत नाही. कोणते दोन निवडायचे याची माझी कसोटी अशी आहे की, जो चुकल्याने आजच्या रुग्णाचे निदान बदलले असते तो आधी घ्यायचा. बीपीचा कफ, केस पेपरवरची तारीख, अक्षर, ॲप्रन हे त्या दिवशी सोडून द्यायचे.

प्रत्येक मुद्द्यात तीन गोष्टी याव्यात: काय पाहिले, त्यामुळे काय झाले, आणि पुढच्या वेळी नेमके काय करायचे. तिसरी गोष्ट अशी असावी की ती झाली की नाही हे मोजता येईल. त्या दिवशीच्या फॉर्मवरचे दोन्ही मोकळे रकाने असे भरले:

काय चांगले केले: “मुलगा वडिलांच्या वतीने उत्तर देऊ लागल्यावर त्याला न दुखावता थांबवले आणि खुर्ची रुग्णाकडे वळवली. त्यानंतर रुग्ण स्वतः बोलू लागला. हे असेच चालू ठेवावे.”

काय सुधारावे, एक: “रुग्ण ‘रानात’ म्हणत असताना १४ व्या सेकंदाला बंदिस्त प्रश्न विचारला गेला. श्रमाशी असलेला संबंध त्यामुळे कळला नाही आणि निदान ॲसिडिटीकडे गेले. पुढील पाच नव्या रुग्णांत पहिल्या प्रश्नानंतर रुग्ण स्वतः थांबेपर्यंत बोलू नये. थांबल्यावर ‘आणखी काही?’ असे एकदा विचारावे. प्रत्येक वेळी रुग्ण किती वेळ बोलला ते वहीत लिहावे.”

काय सुधारावे, दोन: “‘दुखत नाही ना?’ असा नकार सुचवणारा प्रश्न विचारला गेला. छातीच्या कोणत्याही तक्रारीत, जळजळ असली तरी, हे दोन प्रश्न याच शब्दांत विचारावेत: ‘चालल्यावर किंवा ओझं उचलल्यावर काय होतं?’ आणि ‘थांबल्यावर किती वेळात कमी होतं?’ तंबाखू वगैरे वस्तूंची नावे घेऊन विचारावे.”

इंटर्नने स्वतः सांगितलेला मुद्दा: “बंद केलेल्या गोळ्या आणि बंद करण्याचे कारण मी विचारणार.”

‘काय चांगले केले’ या जागेत ‘नम्र’, ‘मेहनती’ अशी विशेषणे लिहू नयेत. तिथेही पाहिलेली कृतीच लिहावी, कारण जे नीट झाले ते नेमके कोणते हे इंटर्नलाही पुष्कळदा माहीत नसते. या मुलीला मुलाला थांबवल्याचे आठवतही नव्हते.

गुण

गुण सर्वांत शेवटी द्यावेत. आधी गुण दिले की मजकूर त्या गुणाचे समर्थन करू लागतो. या फॉर्मवर हिस्ट्रीला ४, वागणुकीला ६, निदानाच्या विचाराला ३ आणि एकूण ४ दिले. तपासणी व समुपदेशनासमोर ‘पाहिले नाही’ लिहिले. आपल्याकडे सर्वांना ६ किंवा ७ देण्याची पद्धत आहे, कारण इंटर्न ओळखीचा असतो, कामाला पडतो आणि कमी गुण म्हणजे रागावणे असे दोन्ही बाजूंना वाटते. पण वर लिहिलेला मजकूर आणि शेजारी ७ हा गुण एकत्र वाचला तर मजकूर कोणी गांभीर्याने घेत नाही. कमी गुण देताना तोंडाने एवढेच सांगावे की हा गुण आजच्या या एका रुग्णाचा आहे, आणि त्याची तुलना इंटर्नशिपच्या या टप्प्यावर जे अपेक्षित आहे त्याच्याशी केली आहे, एमडी झालेल्या डॉक्टरशी नाही.

ते शब्दशः खरेही आहे. छातीच्या तक्रारीची हिस्ट्री चुकवणारी इंटर्न तापाच्या मुलाची हिस्ट्री उत्तम घेऊ शकते, आणि एखादा निरीक्षक मुळातच हात आखडून गुण देणारा असतो. म्हणून एका फॉर्मवरून कोणाबद्दलही मत बनवू नये. बारा महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये वेगवेगळ्या विभागांत, वेगवेगळ्या वरिष्ठांनी, वेगवेगळ्या तक्रारींचे रुग्ण घेऊन असे अनेक फॉर्म भरले तरच त्यांतून काही चित्र उभे राहते. एकाच दुपारी एकाच निरीक्षकाने सह्या केलेले चार फॉर्म हे एकाच फॉर्मइतके असतात.

परत पाहणे

सही करण्यापूर्वी पुढच्या निरीक्षणाची तारीख तिथेच लिहावी, नाहीतर ती कधीच ठरत नाही. आम्ही तीन आठवड्यांनंतरची तारीख लिहिली. इंटर्नने फॉर्म वाचून सही करावी आणि एक प्रत तिच्याकडे राहावी. मूळ फॉर्मवर रुग्णाचे नाव नसावे, फक्त वय, लिंग, तक्रार आणि ओपीडी किंवा वॉर्ड एवढेच असावे. वही पाहायला विसरू नये. तिच्या वहीत पाच रुग्णांसमोर वीस, पंचेचाळीस, तीस, सत्तर आणि पस्तीस सेकंद असे आकडे होते, आणि सत्तरच्या पुढे कंसात ‘सून बोलली’ असे लिहिले होते.

तीन आठवड्यांनी चक्कर येते म्हणून आलेल्या साठीच्या बाई होत्या. दुसऱ्या फॉर्मवरची माझी पहिली नोंद अशी आहे: “रुग्ण ४० सेकंद न थांबता बोलली, इंटर्नने ‘आणखी काही?’ विचारल्यावर रुग्णाने बीपीच्या गोळ्या संपल्याचे स्वतःहून सांगितले.” हिस्ट्रीला ६ दिले. सुधारणेच्या रकान्यात या वेळी एकच मुद्दा होता: “‘चक्कर’ म्हणजे घर फिरल्यासारखे, डोळ्यांपुढे अंधारी की तोल जाणे, हे वेगळे करून विचारले नाही.”